आपल्या वडिलांच्या भाषणाचा व्हिडिओ: काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेला व्हिडिओ मी परवापासून तीन वेळा पूर्ण पाहिला. पहिल्यांदा आवाज बंद करून केवळ चित्र पाहिले, दुसऱ्यांदा डोळे मिटून केवळ आवाज ऐकला आणि तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. फोनवर आपण विचारले होते, "हे अगदी नीट करून मिळेल ना?" त्या वेळी मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही, कारण फाइल तपासण्याआधी दिलेला शब्द नंतर फिरवावा लागला असता. आता तपासणी झाली आहे. व्हिडिओ अगदी नीट होणार नाही. मात्र आज जितके शब्द कळतात त्याहून बरेच अधिक शब्द कळतील, आणि चित्र आज डोळ्यांना जितके खुपते तितके खुपणार नाही. वडिलांचा सलग बावीस मिनिटांचा आवाज आता आपल्या घरात एवढाच उरला आहे, हे आपण सांगितले होते. म्हणूनच नुसते "होईल तेवढे करतो" असे न लिहिता कारणे सविस्तर लिहीत आहे.

कोणत्याही खराब चित्रीकरणाकडे पाहताना मी एकच प्रश्न विचारतो: हवी असलेली गोष्ट फाइलमध्ये नोंदली गेली आहे पण दबली आहे, की ती मुळात नोंदलीच गेलेली नाही? दबलेली गोष्ट वर काढता येते. नोंदलीच न गेलेली गोष्ट कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. ते फार तर तिच्या जागी अंदाजाने काहीतरी भरते. आपल्या व्हिडिओत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत, आणि पुढे जे लिहितो आहे ते याच प्रश्नाला धरून आहे.

आधी प्रत्यक्ष परिस्थिती मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असल्यास आपल्याला दुरुस्त करता येईल. वाईच्या त्या मंगल कार्यालयात सत्कार संध्याकाळी पाचच्या सुमारास झाला. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीत पश्चिमेकडे तोंड असलेल्या तीन उंच खिडक्या आहेत आणि त्यांतून उतरते ऊन थेट कॅमेऱ्यावर येत आहे. आपला भाचा मागच्या रांगेत, व्यासपीठापासून साधारण चाळीस फुटांवर बसला होता आणि त्याने फोन हातात धरून, झूम न करता चित्रीकरण केले. झूम केले नाही हे बरेच झाले, कारण साध्या फोनमधला झूम बहुधा चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो, त्याने तपशील वाढत नाही. वर पंखे सुरू होते. वडील माइकवर बोलत होते आणि आवाज व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरांतून येत होता. आपल्या भाच्याला यात कृपया कोणी दोष देऊ नये. मागून कोणी उभे राहू नये म्हणून तो शेवटी बसला असे आपण म्हणालात, आणि बावीस मिनिटे हात वर धरून बसणे सोपे नसते.

आता पहिली अडचण. माझ्याकडे आलेली फाइल फोनमधली मूळ फाइल नाही. आपण पाठवलेल्या आठ तुकड्यांची नावे अशी आहेत:

```
VID-20240114-WA0007.mp4
```

यातील WA ही अक्षरे सांगतात की ही व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आहे. फोनच्या कॅमेऱ्याने तयार केलेल्या फाइलच्या नावात बहुधा तारखेपाठोपाठ चित्रीकरणाची वेळ असते, WA नसते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आधी लहान केला जातो. माझ्याकडे आलेले चित्र ८४८ ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच आहे, म्हणजे एका चित्रात सुमारे चार लाख ठिपके आहेत. आपल्या भाच्याच्या फोनमध्ये मूळ चित्रीकरण १९२० बाय १०८० असे झाले असेल, तर तिथे एका चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके आहेत. पाचांपैकी चार ठिपके वाटेतच गळाले.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. अशा फोनवर एका मिनिटाच्या चित्रीकरणाला साधारण १३० एमबी जागा लागते, म्हणजे बावीस मिनिटांना २.८ जीबीच्या आसपास. माझ्याकडे आलेल्या आठही तुकड्यांची मिळून बेरीज २५० एमबी आहे. एवढी माहिती कमी करताना सॉफ्टवेअर आधी काय टाकून देते, तर बारीक तपशील: केसांच्या बटा, शालीची वीण, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या. लहान पडद्यावर घाईने पाहताना त्या जाणवत नाहीत, म्हणून त्यांचा बळी आधी जातो. त्यांच्या जागी आपल्याला चौकोनी ठोकळे दिसतात. वडिलांच्या मागे असलेल्या पडद्यावर हे ठोकळे प्रत्येक हालचालीबरोबर थरथरताना आपल्यालाही दिसले असतील.

ठिपक्यांची गोष्ट चेहऱ्याशी नेऊन भिडवली की नेमकी कळते. सातव्या मिनिटाला वडील उजवा हात वर करून हसतात, ते चित्र मी थांबवून मोजले. त्यात त्यांचा चेहरा २६ ठिपके रुंद आणि ३४ ठिपके उंच आहे. एका डोळ्याच्या वाट्याला आडवे जेमतेम चार ठिपके येतात. चार ठिपक्यांत डोळा आहे एवढे दाखवता येते; डोळ्यांतले हसू दाखवता येत नाही. मूळ फाइल मिळाली तर त्याच चेहऱ्याला सुमारे ५९ बाय ७७ ठिपके मिळतील. तेही पोर्ट्रेट काढण्याजोगे नाहीत, पण चष्म्याची काडी, मिशीची कडा आणि ओठांची हालचाल ओळखू येण्याइतके आहेत. म्हणून या सबंध कामात एकाच गोष्टीने सर्वांत मोठा फरक पडणार असेल, तर तो माझ्या कौशल्याने नाही, मूळ फाइल मिळाल्याने पडेल.

चित्रातली दुसरी अडचण खिडक्यांची आहे. फोन प्रत्येक ठिपक्याची उजळता एका आकड्यात नोंदवतो, आणि हा आकडा शून्य ते २५५ या दरम्यान असतो. खिडक्यांचा प्रकाश इतका तीव्र होता की तिथले सगळे ठिपके वरच्या टोकाला जाऊन चिकटले आहेत. आमच्या व्यवसायात याला "बर्न झाले" असे म्हणतात. खिडकीबाहेर झाड होते, आकाश होते की समोरची इमारत होती, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेले नाही, म्हणून खिडक्या पांढऱ्याफटकच राहतील. त्या कमी झगझगीत करता येतील, त्यांवर हलकी पिवळसर छटा देता येईल, पण त्यांच्यामागचे दृश्य येणार नाही. त्याचे आपल्याला दुःख नसावे, कारण आपल्याला खिडकी नको आहे, चेहरा हवा आहे.

खिडक्या एवढ्या उजळ असल्यामुळे फोनने एकूण चित्र काळवंडून टाकले आणि वडिलांचा चेहरा अंधारात गेला. इथे मात्र गोष्ट दबलेली आहे, गेलेली नाही. चेहऱ्याचे आकडे साधारण २० ते ४५ या पट्ट्यात आहेत; ते वर ओढून चेहरा उजळ करता येतो आणि मी तसे करून पाहिले आहे. मर्यादा अशी की त्या पट्ट्यात एकूण पंचवीसच पायऱ्या आहेत. त्या ताणून शंभर पायऱ्यांच्या जागेत पसरल्या की मधल्या पायऱ्या रिकाम्या राहतात आणि गालावर मऊ छायेऐवजी नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. शिवाय अंधारात दडलेली दाणेदार खरखरही चेहऱ्याबरोबरच वर येते. म्हणून मी चेहरा उजळेन, पण दिवसाच्या उजेडात काढल्यासारखा होईल इतका नाही. किंचित कमी उजळलेला आणि नैसर्गिक दिसणारा चेहरा मला अधिक योग्य वाटतो.

ही दाणेदार खरखर कमी करण्याचा एक चांगला मार्ग आहे, आणि तो समजला की मूळ फाइलचा आग्रह मी का धरतो आहे हेही समजेल. खरखर प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी पडते, चेहरा मात्र लागोपाठच्या चार चित्रांत जवळजवळ त्याच जागी असतो. ती चार चित्रे एकमेकांवर ठेवून सरासरी काढली तर चेहरा टिकतो आणि खरखर जवळपास निम्मी होते. पण व्हॉट्सॲपच्या प्रतीत ती खरखर मोकळी राहिलेली नाही. ती चेहऱ्याबरोबर दाबून ठोकळ्यांत बसवली गेली आहे. तांदळातले खडे निवडता येतात. तांदूळ आणि खडे एकत्र दळून पीठ केले, तर मात्र निवडण्यासारखे काही उरत नाही.

चौदाव्या मिनिटाला आपला भाचा उठून उभा राहिला तेव्हा चित्र पंधरा सेकंद हलले आहे. ही हालचाल स्थिर करता येईल. त्यासाठी चित्राच्या कडा थोड्या कापाव्या लागतील, त्यास हरकत नसावी. पण कमी प्रकाशात फोन प्रत्येक चित्र टिपायला जास्त वेळ घेतो, आणि त्या वेळात हात हलला की ते चित्र स्वतःच पुसट होते. चित्रे एकमेकांशी जुळवून हलणे थांबले तरी पुसट झालेली चित्रे पुसटच राहतात. स्थिर दृश्यात मधूनच धुके आल्यासारखे दिसते. त्या पंधरा सेकंदांसाठी माझ्याकडे दुसरा उपाय आहे, तो पुढे लिहितो.

आता आवाज. या पत्रातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चित्र खराब असले तरी माणूस भाषण ऐकून घेतो. शब्द कळले नाहीत तर उत्तम चित्रही पाच मिनिटांवर पाहवत नाही.

आपली मुख्य तक्रार पंख्यांच्या घरघराटाची होती. त्याची चिंता सोडावी. पंख्यांचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा आहे. भाषण सुरू होण्यापूर्वी चार सेकंद शांतता आहे, त्यात केवळ पंखेच ऐकू येतात. तो नमुना सॉफ्टवेअरला दाखवला की ते पूर्ण फाइलमधून तशा स्वराचा आवाज खाली आणते. साउंड सिस्टिममधून येणारी सूक्ष्म गुणगुणही अशीच काढता येते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने पूर्ण करते, त्यामुळे ती गुणगुण ठरावीक पन्नास, शंभर, दीडशे अशा कंपनसंख्यांवर बसलेली असते आणि नेमकी तेवढीच जागा छाटता येते. अर्थात पंखे पूर्ण नाहीसे करण्याचा मी प्रयत्न करणार नाही. हे छाटणे जास्त झाले की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, ओलसर आणि किणकिणणारा होतो. थोडी घरघर राहिलेला वडिलांचा खरा आवाज आपल्याला जवळचा वाटेल.

टाळ्यांनंतरचे शब्द ऐकू येत नाहीत, हेही आपण लक्षात आणून दिले होते. त्याचे कारण फोनच्या स्वभावात आहे. मोठा आवाज आला की फोन आपोआप आपला कान मिटतो आणि मग एक-दोन सेकंदांनी हळूहळू उघडतो. शेजारच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, फोनने कान मिटला आणि त्याच क्षणी वडिलांनी पुढचे वाक्य सुरू केले. ते शब्द दबलेले आहेत, नोंदले मात्र गेले आहेत. अशा एकोणीस जागा मी नोंदवून ठेवल्या आहेत आणि प्रत्येक जागी हाताने पातळी वाढवून पाहिली आहे. सतरा ठिकाणी शब्द कळतात.

खरी अडचण घुमाऱ्याची आहे. त्या कार्यालयाच्या भिंती आणि जमीन कडक व गुळगुळीत आहेत, पडदे थोडे आहेत. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापर्यंत आवाज स्पीकरमधून थेट पोहोचतो. चाळीस फुटांवर मात्र थेट आलेला आवाज क्षीण होतो, आणि भिंती, छत, जमीन यांवर आपटून आलेला आवाज त्याच्या बरोबरीचा किंवा त्याहून मोठा होतो. व्हिडिओच्या शेवटी एक एकटी टाळी ऐकू येते. तिचा घुमारा पूर्ण विरायला सुमारे दोन सेकंद लागतात. सावकाश बोलणारा माणूसही दोन सेकंदांत आठ-दहा अक्षरे बोलून जातो. याचा अर्थ वडील एक अक्षर उच्चारतात तेव्हा आधीच्या आठ-दहा अक्षरांची शेपटे त्यावर पसरलेली असतात. स्वर लांब आणि जोरदार असतात, ते तरतात; क, त, प, स यांसारखी आखूड आणि हलकी व्यंजने बुडतात.

पंख्याचा आवाज हा वडिलांच्या आवाजापासून वेगळा आहे, म्हणून तो ओळखून बाजूला काढता येतो. घुमारा हा वडिलांचाच आवाज आहे, फक्त उशिरा आलेला. एकातून दुसरा काढणे म्हणजे दुधात मिसळलेले पाणी वेगळे काढण्यासारखे आहे. शेपटे काही प्रमाणात आखूड करता येतात आणि ती मी करीन, त्याने कानाला होणारा शीण खूप कमी होतो. पण बुडालेले व्यंजन त्याने वर येत नाही.

एक उदाहरण देतो, म्हणजे "काही शब्द कळणार नाहीत" या माझ्या वाक्याचा अर्थ स्पष्ट होईल. नऊ मिनिटे चाळीस सेकंदांवर वडील नदीकाठच्या घराविषयी बोलत आहेत. वाक्याचा शेवट एक तर "त्याच वर्षी घर केले" असा आहे किंवा "त्याच वर्षी घर गेले" असा. मी तो भाग वेगवेगळ्या पातळीवर, सावकाश, हेडफोन लावून आणि स्पीकरवर मिळून तीसेक वेळा ऐकला. "क" आणि "ग" यांतला फरक क्षणभराच्या कंपनाचा असतो, आणि त्या क्षणावर आधीच्या "घर" या शब्दाचा घुमारा पसरला आहे. मी माझ्या मनाने एक शब्द निवडला तर पुढच्या पिढीसाठी तोच इतिहास होईल. ते घर केले की गेले, हे केवळ आपल्या आई सांगू शकतील.

आवाजाचा आणखी एक दोष आहे, तो म्हणजे फाटलेला आवाज. तो दोन प्रकारचा आहे आणि ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून हा फरक सांगतो. आवाजाची आकृती संगणकावर खूप मोठी करून पाहिली की डोंगरांच्या रांगेसारखी दिसते. काही जागी या डोंगरांचे माथे सपाट कापलेले दिसतात. तिथे आवाज फोनमध्ये फाटला आहे. कापलेल्या माथ्याच्या दोन्ही बाजूंचे उतार शाबूत असतात, त्यामुळे माथा कसा असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधून तो भरता येतो. पण अकराव्या ते पंधराव्या मिनिटांत, वडील भावनेच्या भरात माइकच्या अगदी जवळ जाऊन बोलले आहेत तिथे, आवाज करकरीत ऐकू येतो आणि आकृतीत मात्र सपाट माथा कुठेच दिसत नाही. याचा अर्थ तो फोनमध्ये फाटला नाही, बहुधा त्याआधी ॲम्प्लिफायरमध्ये फाटला आणि मग सभागृहात घुमून फोनपर्यंत आला. घुमाऱ्याने कापलेले माथे गोल करून टाकले, त्यामुळे नेमके कुठे कापले गेले याची खूणच उरली नाही. या चार मिनिटांतली करकर मी थोडी मऊ करू शकेन. काढू शकणार नाही.

याच कारणाने मला आपल्याकडून एक चौकशी करून हवी आहे. साउंड सिस्टिम ज्यांची होती त्यांच्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावून कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला होता का? पुष्कळ ठिकाणी तसे करतात आणि नंतर ती फाइल कोणी मागत नाही. तशी फाइल मिळाली तर त्यात घुमारा नाही, पंखे नाहीत, आणि आवाज ॲम्प्लिफायरच्या आधीच उचललेला असल्यामुळे त्या चार मिनिटांतली करकरही बहुधा नसेल. टाळ्यांचे ठोके दोन्हीकडे जुळवून तो आवाज या चित्राखाली बसवणे हे माझे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तसेच पुढच्या रांगांत बसलेल्या कोणी फोनवर दोन-चार मिनिटांचे जरी चित्रीकरण केले असेल, तरी तेही उपयोगी पडेल. दहा फुटांवरून घेतलेला खराब फोनचा आवाज चाळीस फुटांवरून घेतलेल्या चांगल्या फोनच्या आवाजापेक्षा बहुतेक वेळा स्वच्छ असतो.

एका गोष्टीला मी नकार देणार आहे, ती आधीच सांगतो. अंधुक चेहरा एकदम लख्ख करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात आणि इतर कोणी आपल्याला त्यांचे नमुने दाखवील. मी स्वतः सातव्या मिनिटाचे ते हसरे चित्र त्यातल्या एकात टाकून पाहिले. चेहरा लख्ख झाला. त्याला डोळ्यांच्या पापण्या आल्या, दात आले. पण आपण सोबत पाठवलेल्या फोटोत वडिलांच्या उजव्या भुवईत जी जुनी जखमेची खूण आहे, ती त्या चेहऱ्यावर नव्हती, आणि दातांची ठेवणही त्यांची नव्हती. चार ठिपक्यांच्या डोळ्यातून ते सॉफ्टवेअर खरा डोळा शोधून काढत नाही. इतर हजारो चेहऱ्यांवरून एक शक्य डोळा रेखाटते. क्षणभर पाहताना आनंद होईल, पण घरातले माणूस तो चेहरा निरखून पाहील तेव्हा काहीतरी परके आहे हे त्याला जाणवेल. आपल्या वडिलांच्या बाबतीत मी ते करणार नाही.

त्याऐवजी मांडणी बदलावी असे मी सुचवतो. लहान चित्र मोठ्या टीव्हीवर ताणले की त्याचे सगळे दोष मोठे होतात. तेच चित्र पडद्याच्या दोन तृतीयांश भागात ठेवले तर ते अधिक रेखीव दिसते. उरलेल्या जागेत त्या दिवशी छायाचित्रकाराने काढलेला वडिलांचा स्वच्छ फोटो राहील. ज्या पंधरा सेकंदांत चित्र फार हलले आहे, आणि इतरही दोन-तीन जागी, मूळ चित्राऐवजी सत्काराचे फोटो संथपणे सरकत जातील आणि मागे त्यांचा आवाज अखंड सुरू राहील. पाहणाऱ्याला यात फसवणूक वाटणार नाही, कारण फोटो फोटोच म्हणून दिसतील.

आणि संपूर्ण भाषणाला खाली मराठी अक्षरे द्यावीत. घुमाऱ्यावर याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही. वाक्य डोळ्यांसमोर लिहिलेले असले की तोच अस्पष्ट आवाज आपल्याला कळू लागतो. कानाला काय शोधायचे ते ठाऊक झालेले असते. मी ऐकून पहिला मसुदा तयार करीन. तो आपल्या आईंना वाचून दाखवावा आणि त्या सांगतील तसे दुरुस्त करावे. जिथे त्यांनाही खात्री नसेल तिथे मी तीन टिंबे देईन, शब्द घालणार नाही.

खर्चाचे आणि वेळेचे असे आहे. आजच्याच फाइलवर काम करायचे तर मला साधारण पाच दिवस लागतील. मूळ फाइल मिळाली तरी दिवस तेवढेच, फळ मात्र बरेच चांगले. पण लगेच होकार देऊ नये अशी माझी विनंती आहे. नवव्या मिनिटापासून पुढची दीड मिनिटे मी आधी विनामूल्य करून पाठवतो. तो भाग मुद्दाम निवडला आहे, कारण व्हिडिओतला तो सर्वांत अवघड भागांपैकी आहे. सोपा भाग चकचकीत करून दाखवला तर आपली अपेक्षा चुकीची तयार होईल. तो नमुना घरच्या टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून, मूळ भागाच्या पाठोपाठ पाहावा. फरक पुरेसा वाटला नाही तर तिथेच थांबू आणि आपण काही देणे लागणार नाही.

तोपर्यंत आपल्या भाच्याला एवढे सांगावे. फोनच्या गॅलरीत त्या तारखेचा व्हिडिओ शोधून त्याचा तपशील उघडावा. नावात WA नसेल आणि आकार दोन-तीन जीबीच्या घरात असेल तर तीच मूळ फाइल. ती पुन्हा व्हॉट्सॲपवर पाठवू नये. तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल लहान होत नाही हे खरे, पण त्याची मर्यादा दोन जीबी आहे आणि ही फाइल बहुधा त्यात बसणार नाही. केबल लावून पेनड्राइव्हवर घ्यावी किंवा गूगल ड्राइव्हवर चढवून मला दुवा पाठवावा. गॅलरीतून ती आधीच पुसली असेल तर गूगल फोटोजमध्ये पाहावी, आणि तिथल्या सेटिंगमध्ये Original quality आहे की Storage saver ते मला कळवावे, कारण दुसऱ्या पर्यायात तीही दाबलेलीच प्रत असते. आज आपल्याकडे असलेले आठ तुकडेही कोणी पुसू नयेत. शेवटी हातात तेच राहिले तर त्यावरच काम करू.

नमुना मी शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो. आईंना वेळ असेल तर रविवारी सकाळी तासभर फोनवर बसून त्या दीड मिनिटांतली वाक्ये आपण तिघे मिळून नक्की करू. नदीकाठच्या घराचे वाक्य त्यातच आहे.

आपला,
व्हिडिओ संकलक